बाकीचे ६९० वॅट कुठे गेले? पॉवर फॅक्टर, cos φ आणि शक्तीचा त्रिकोण

प्रश्न: प्रयोगशाळेत एक कॉइल आणि एक रोध एकसर जोडून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालवले. व्होल्टमीटर २३० दाखवतो, अमीटर १० दाखवतो, पण वॅटमीटर १६१० च दाखवतो. बाकीचे ६९० वॅट कुठे गेले? आणि पुस्तकातल्या पॉवर ट्रँगलने काढले तर तिसरी बाजू ६९० न येता १६४२ कशी येते?

उत्तर:

तुमची तिन्ही मीटर बरोबर आहेत आणि एकही वॅट हरवलेला नाही. २३० आणि १० यांचा गुणाकार २३०० येतो हे खरे, पण ते २३०० वॅट नव्हेत. ती आभासी शक्ती आहे, ती व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात, आणि तिच्यातून वॅट थेट वजा करता येत नाहीत. तरीही तुमच्या वजाबाकीतून आलेल्या ६९० ला या परिपथात एक अगदी नेमका अर्थ आहे, आणि तो समजला की cos φ कुठून येतो आणि त्रिकोण काटकोनी का असतो, हे दोन्ही आपोआप उलगडते. म्हणून मी त्याच आकड्याच्या मागे जातो.

व्होल्टमीटर जे २३० दाखवतो ते आरएमएस मूल्य आहे. प्रत्यक्षात व्होल्टेज शून्यापासून सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, उतरते, उलट दिशेने तेवढेच जाते आणि २० मिलिसेकंदांत एक आवर्तन पुरे करते. करंटही तसाच १४.१ अँपिअरच्या शिखरापर्यंत जाऊन येतो. व्होल्टमीटरला फक्त व्होल्टेजची लाट दिसते आणि अमीटरला फक्त करंटची. एकीचे शिखर येते तेव्हा दुसरी कुठे असते, हे या दोघांपैकी कोणालाच कळत नाही, आणि त्यांच्या वाचनांचा गुणाकार करताना आपणही ती माहिती गमावून बसतो. वॅटमीटर मात्र त्या त्या क्षणीच्या व्होल्टेजला त्याच क्षणीच्या करंटने गुणतो आणि मग त्या गुणाकाराची सरासरी दाखवतो. दोन आकड्यांमधला सगळा फरक या क्रमाचा आहे: आधी सरासरी घेऊन मग गुणणे वेगळे आणि आधी गुणून मग सरासरी घेणे वेगळे.

कॉइलमुळे करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. तुमच्या परिपथात १६१० भागिले २३०० म्हणजे ०.७०, आणि ज्या कोनाचा कोसाइन ०.७० आहे तो कोन सुमारे ४५.६ अंशांचा. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे आणि २० मिलिसेकंदांचे धरले तर हा कोन सुमारे २.५३ मिलिसेकंदांचा होतो. दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर एका चॅनेलला व्होल्टेज आणि दुसऱ्याला करंट दिला, तर दोन्ही लाटा शून्यरेषा ओलांडतात त्या बिंदूंमधले अंतर एवढेच दिसेल; ते स्वतः मोजून पाहावे. पुरवठ्यावर काम करताना व्होल्टेजसाठी डिफरन्शियल प्रोब आणि करंटसाठी क्लॅम्प प्रोब वापरावा, साध्या प्रोबची जमिनीची क्लिप थेट लाइनला लावू नये.

आता त्या २.५३ मिलिसेकंदांत काय घडते ते पाहू. व्होल्टेजने शून्य ओलांडून दिशा बदललेली असते, पण करंट अजून जुन्याच दिशेने वाहत असतो. दोघांची चिन्हे विरुद्ध असल्यामुळे गुणाकार ऋण येतो, म्हणजे त्या अवधीत ऊर्जा परिपथाकडून पुरवठ्याकडे जाते. करंट शून्य ओलांडतो तेव्हा चिन्हे पुन्हा जुळतात आणि ऊर्जा परत आत येऊ लागते. दर अर्ध्या आवर्तनात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, हे एकदा घडते. व्होल्टेजला Vₘ sin ωt आणि करंटला Iₘ sin(ωt − φ) मानून गुणाकार केला तर आरएमएस मूल्यांत असे सूत्र मिळते:

p = V I cos φ − V I cos(2ωt − φ)

उजवीकडचे पहिले पद स्थिर आहे. तुमच्या परिपथात ते १६१०. दुसरे पद दुप्पट वारंवारतेने, म्हणजे १०० हर्ट्झने, वर-खाली होते. त्याचा आयाम पुरा २३०० असला तरी सरासरी शून्य असते. म्हणून वॅटमीटरला फक्त पहिले पद दिसते, आणि ते V I cos φ असते. पॉवर फॅक्टर हा फेज कोनाचा कोसाइन असतो असे पुस्तक म्हणते ते यामुळे.

या सूत्रात क्षणिक शक्तीची दोन टोके पाहा. सर्वांत जास्त मूल्य १६१० अधिक २३००, म्हणजे ३९१० वॅट. सर्वांत कमी मूल्य १६१० वजा २३००, म्हणजे उणे ६९० वॅट. तुमचे ६९० इथे आहेत. व्होल्टेजने शून्य ओलांडल्यानंतर सुमारे १.२७ मिलिसेकंदांनी, ऊर्जा परत जाण्याचा वेग जिथे सर्वाधिक असतो, त्या एका क्षणाचे ते मूल्य आहे. तो तोटा नाही, ती सरासरी नाही आणि ती प्रतिक्रिय शक्तीही नाही. आभासी शक्तीतून सक्रिय शक्ती वजा केली की नेहमी हीच राशी मिळते, फक्त तिचा त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूशी थेट संबंध नसतो.

त्रिकोणाकडे वळताना आधी शक्ती बाजूला ठेवून करंटचेच दोन भाग करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण काटकोन तिथे जन्माला येतो. ४५.६ अंश मागे असलेली १० अँपिअरची लाट ही दोन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. एक लाट व्होल्टेजच्या पावलाला पाऊल लावून चालणारी, तिचे मूल्य I cos φ म्हणजे ७ अँपिअर. दुसरी व्होल्टेजच्या नेमकी ९० अंश मागे, तिचे मूल्य I sin φ म्हणजे ७.१४ अँपिअर. या दोन्ही एकाच तारेतून वाहतात, पण त्यांची शिखरे एकाच वेळी येत नाहीत. एक शिखरावर असते तेव्हा दुसरी शून्यावर असते. म्हणून त्यांची आरएमएस मूल्ये साधी मिळवता येत नाहीत, वर्ग करून मिळवावी लागतात: ४९ अधिक ५१ बरोबर १००, आणि त्याचे वर्गमूळ १०. सात आणि सव्वासात मिळून चौदा का होत नाहीत, या शंकेचे उत्तर एवढेच आहे.

या तिन्ही करंटना २३० व्होल्टने गुणले की १६१०, १६४२ आणि २३०० मिळतात. शक्तीचा त्रिकोण म्हणजे हा करंटचा त्रिकोणच, फक्त २३० पटींनी मोठा केलेला. आडवी बाजू सक्रिय शक्ती P, वॅटमध्ये; उभी बाजू प्रतिक्रिय शक्ती Q, व्हारमध्ये; कर्ण आभासी शक्ती S, व्होल्ट-अँपिअरमध्ये; आणि आडव्या बाजूचा कर्णाशी होणारा कोन φ. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेता येतो. तुमच्या परिपथाचा एकूण प्रतिबाध २३० भागिले १०, म्हणजे २३ ओहम आहे. त्यातला रोधाचा भाग, कॉइलच्या तारेचा रोध धरून, १६.१ ओहम आणि कॉइलच्या प्रवर्तनाचा भाग १६.४ ओहम. या तिघांना करंटच्या वर्गाने, म्हणजे १०० ने गुणले की पुन्हा तोच त्रिकोण उभा राहतो.

आता १६४२ हा आकडा भौतिकदृष्ट्या काय आहे? वरच्या सूत्राची मांडणी थोडी बदलली की ते दिसते:

p = P [1 − cos 2(ωt − φ)] + Q sin 2(ωt − φ)

पहिला भाग कधीच ऋण होत नाही. तो शून्य ते ३२२० यांच्या दरम्यान हेलकावतो, सरासरी १६१० राखतो आणि ही सगळी शक्ती रोधात उष्णता होते. दुसरा भाग जितका वर जातो तितकाच खाली येतो, आणि त्याचा आयाम १६४२. म्हणजे प्रतिक्रिय शक्ती ही कॉइलचे चुंबकीय क्षेत्र ज्या वेगाने ऊर्जा घेते आणि सोडते त्या हेलकाव्याची उंची आहे. ती सरासरी नव्हे, म्हणून तिला वॅट न म्हणता वेगळे एकक दिले आहे.

इथे एक प्रचलित विधान थोडे सैल आहे, ते नेमके करून घेणे मला गरजेचे वाटते. प्रतिक्रिय शक्ती म्हणजे पुरवठ्याकडे परत जाणारी शक्ती, असे सर्रास सांगितले जाते. तुमच्या कॉइलचे प्रवर्तन सुमारे ५२ मिलिहेन्री आहे, आणि करंट शिखरावर असताना तिच्या क्षेत्रात सुमारे ५.२ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पण ऋण शक्तीच्या त्या २.५३ मिलिसेकंदांत पुरवठ्याकडे परत जाते ती सुमारे १.१५ ज्यूल. उरलेली सुमारे चार ज्यूल कुठे जाते? ती त्याच तारेत बसलेल्या रोधात जाते. क्षेत्र ओसरत असतानाही रोधाची भूक थांबत नाही. आधी क्षेत्र ती भागवते आणि त्यातून जे उरते तेवढेच मागे पुरवठ्याकडे ढकलले जाते. म्हणून प्रतिक्रिय शक्ती हा क्षेत्राचा हिशेब आहे, आणि पुरवठ्याला प्रत्यक्ष परत मिळणारी ऊर्जा हा त्याचा एक अंश. रोध शून्य असता, फेज कोन ९० अंश झाला असता, तरच दोन्ही एक झाले असते.

त्रिकोण हाताशी आला की भारांची बेरीज चुकत नाही. समजा याच पुरवठ्यावर समांतर जोडणीत २००० वॅटचा शुद्ध रोधी हीटर लावला. पहिल्या भाराचे २३०० आणि हीटरचे २००० मिळवून ४३०० व्होल्ट-अँपिअर म्हणणे चूक, आणि ०.७० व १ या पॉवर फॅक्टरची सरासरी काढून ०.८५ म्हणणेही चूक. आडव्या बाजू आडव्यांत आणि उभ्या उभ्यांत मिळवायच्या. सक्रिय शक्ती ३६१० वॅट झाली, प्रतिक्रिय शक्ती होती तेवढीच १६४२ राहिली, म्हणून कर्ण सुमारे ३९६६ व्होल्ट-अँपिअर, करंट सुमारे १७.२ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.९१. पॉवर फॅक्टर सुधारलेला दिसतो, पण कॉइल घेत असलेली प्रतिक्रिय शक्ती एका व्हारनेही कमी झालेली नाही. म्हणूनच नुसता पॉवर फॅक्टरचा आकडा पाहून कपॅसिटर निवडता येत नाही. P किंवा S यांपैकी एक तरी सोबत कळावे लागते.

हीटर काढून टाकून मूळ परिपथाचा पॉवर फॅक्टर कपॅसिटरने ०.९५ पर्यंत न्यायचा असेल तर हिशेब असा होतो. सक्रिय शक्ती १६१० बदलत नाही, कारण आदर्श कपॅसिटर सरासरी शक्ती घेत नाही. कोसाइन ०.९५ असलेला कोन १८.२ अंशांचा, त्याचा टॅन्जंट ०.३२९, म्हणून उरू द्यायची उभी बाजू १६१० गुणिले ०.३२९, म्हणजे सुमारे ५२९ व्हार. मूळ १६४२ मधून ५२९ गेले की १११३ व्हार उरतात, आणि तेवढे कपॅसिटरने पुरवायचे. इथली वजाबाकी मात्र वैध आहे, कारण दोन्ही राशी एकाच उभ्या रेषेवर आहेत. कपॅसिटरचे मूल्य असे निघते:

C = Q / (ω V²) = 1113 / (314.16 × 230²) ≈ 67 µF

हा कपॅसिटर भाराच्या समांतर जोडायचा, आणि तो एसीवर सतत चालण्यासाठी बनवलेला, डिस्चार्ज रोध असलेला असावा. डीसीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे फुटू शकतो. जोडल्यावर पुरवठ्याच्या तारेतला करंट १० वरून ७.३७ अँपिअर होतो. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो मूळच्या ५४ टक्क्यांवर येतो; तारेचा रोध अर्धा ओहम असेल तर ५० वॅट जात होते तिथे २७ वॅट जातील.

अमीटर कुठे लावला आहे यावर इथे बरेच अवलंबून असते. तो कपॅसिटरच्या जोडबिंदूनंतर, कॉइलच्या फांदीत असेल, तर तो अजूनही १० च दाखवील, आणि कपॅसिटर निकामी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. कॉइलला तिचे क्षेत्र उभारायला जो करंट लागतो तो लागतोच. फक्त त्याचा बराचसा भाग आता लांबून, पुरवठ्यापासून न येता शेजारच्या कपॅसिटरमधून येतो. कपॅसिटरच्या फांदीत ४.८४ अँपिअर दिसतील. ७.३७ आणि ४.८४ मिळून १० होत नाहीत यात आता आश्चर्य वाटायला नको. सुधारणेचा लाभ जोडबिंदूच्या पुरवठ्याकडच्या बाजूलाच मिळतो, आणि म्हणून कपॅसिटर भाराच्या जितका जवळ, तितकी जास्त लांबीची तार हलकी होते.

पॉवर फॅक्टर पुरा १ करायचा मोह होतो, पण आकडे पाहावेत. पहिल्या ६७ मायक्रोफॅरडने करंट २.६३ अँपिअरने उतरला. १ पर्यंत पोहोचण्यासाठी एकूण सुमारे ९९ मायक्रोफॅरड लागतात, म्हणजे निम्म्याइतकी आणखी भर, आणि तिने करंट ७.३७ वरून ७ वर येतो, एवढेच. कोन लहान झाला की कोसाइन जवळजवळ सपाट होतो, त्याचा हा परिणाम आहे.

त्याही पुढे गेले तर त्रिकोण उलटा होतो. चुकून १६० मायक्रोफॅरड लावले तर कपॅसिटर सुमारे २६५९ व्हार देतो, उभी बाजू शून्याच्या पलीकडे सुमारे १०१७ व्हार जाते, पॉवर फॅक्टर ०.८५ च्या आसपास येतो आणि करंट पुन्हा ८.३ अँपिअर होतो. आता करंट व्होल्टेजच्या पुढे आहे, पण कोसाइन ते सांगत नाही, कारण अधिक कोनाचा आणि तितक्याच उणे कोनाचा कोसाइन एकच असतो. म्हणून पॉवर फॅक्टर लिहिताना लॅगिंग की लीडिंग हा शब्द सोबत हवाच. मीटर ते दाखवत नसेल तर एक जुनी, भरवशाची चाचणी आहे: पुरवठा बंद करून आणखी एक लहान कपॅसिटर समांतर जोडावा, पुन्हा चालू करावे आणि पुरवठ्याच्या तारेतला अमीटर पाहावा. वाचन उतरले तर करंट मागे होता. चढले तर तो आधीच पुढे होता. करंट व्होल्टेजशी जवळपास जुळलेला असताना मात्र ही चाचणी फसवू शकते, म्हणून जोडायचा कपॅसिटर खरोखर लहान घ्यावा.

आतापर्यंतचे सगळे एका अटीवर उभे आहे: व्होल्टेज आणि करंट दोन्ही शुद्ध साइन लाटा असाव्यात. पॉवर फॅक्टरची कोणत्याही लाटांना लागू पडणारी व्याख्या P भागिले S अशीच आहे. तो cos φ च्या बरोबर असणे हा साइन लाटांचा विशेष. ब्रिज रेक्टिफायर आणि त्यामागे मोठा कपॅसिटर असलेला पॉवर सप्लाय घ्या. तो व्होल्टेजच्या शिखराजवळच थोडा वेळ करंट ओढतो आणि बाकीचा वेळ काहीच घेत नाही. स्कोपवर सलग लाटेऐवजी टोकदार उंचवटे दिसतात. त्या करंटमधला ५० हर्ट्झचा मूळ घटक व्होल्टेजशी जवळपास जुळलेला असतो. समजा त्याच्या कोनाचा कोसाइन ०.९८ आहे, एकूण आरएमएस करंट १० अँपिअर आहे, पण मूळ घटक ६.५ अँपिअरच आहे. उरलेला करंट १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या आणि त्यापुढच्या घटकांचा. व्होल्टेज साइन असेल तर हे घटक सरासरी शक्तीत काहीच भर घालत नाहीत, फक्त तारा तापवतात. तेव्हा पॉवर फॅक्टर होतो:

PF = cos φ₁ × (I₁ / I) = 0.98 × 0.65 ≈ 0.64

इथे ०.६४ चा व्यस्त कोसाइन काढून कोणी फेज कोन ५० अंश सांगेल, तर तो कोन स्कोपवर कुठेही सापडणार नाही. त्रिकोणही पुरत नाही. २३० व्होल्टवर S २३०० आणि P सुमारे १४६५ वॅट येते, पण मूळ घटकाची प्रतिक्रिय शक्ती फक्त ३०० व्हारच्या आसपास असते. P आणि Q च्या वर्गांच्या बेरजेने S पर्यंत पोहोचता येत नाही, कारण विकृत करंटचा एक तिसरा, या दोघांनाही काटकोनात असलेला घटक राहतो. कागदावरचा त्रिकोण सोडून डब्याच्या कर्णासारखी आकृती घ्यावी लागते.

व्यवहारात हे ओळखायचे कसे, तर पॉवर ॲनलायझरवर एकूण पॉवर फॅक्टर PF, आणि फक्त मूळ घटकाचा पॉवर फॅक्टर DPF किंवा cos φ, अशी दोन वाचने वेगवेगळी दिसतात. दोन्ही जवळपास सारखी असतील तर वरचा कपॅसिटरचा हिशेब बिनधास्त वापरावा. cos φ ०.९८ आणि PF ०.६४ असेल तर कपॅसिटर लावू नये. त्याने भरून काढण्यासारखी उभी बाजू तिथे जवळजवळ नसतेच. उलट कपॅसिटरचा प्रतिबाध वारंवारता वाढली की घटतो, तो वरच्या घटकांना सोपी वाट करून देतो, आणि पुरवठ्याच्या प्रवर्तनाशी त्याचे अनुनाद १५० किंवा २५० हर्ट्झच्या आसपास जुळले तर कपॅसिटर तापतो, त्याचा फ्यूज वारंवार उडतो. तिथला उपाय म्हणजे त्या घटकांसाठी फिल्टर, किंवा रेक्टिफायरच्या आधी पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असलेला सप्लाय. तुमच्या कॉइल आणि रोधाच्या परिपथात, गाभा संपृक्त होत नसेल तर, हा प्रश्न येणार नाही. करंटची लाट एकदा स्कोपवर पाहून ती साइन आहे एवढी खात्री मात्र हिशेबाला बसण्याआधी करून घ्यावी.